एकाच क्रमांकाची दोन घरं: प्रभाग कार्यालयास खुले पत्र

प्रति,
मा. सहाय्यक आयुक्त,
प्रभाग समिती कार्यालय, ठाणे

विषय : नव्याने बांधलेल्या घरास स्वतंत्र घर क्रमांक व क्रमांकाची पाटी मिळण्याबाबत.

महोदया,

मी एकतीस वर्षं ठाण्यात पोस्टमन होतो. लोकांची दारं शोधण्यात आयुष्य गेलं आणि निवृत्तीनंतर, दोन वर्षांपूर्वी, स्वतःचं घर बांधलं. बाळकुमच्या बाजूला, जुन्या गावठाणात. घराला बांधकाम परवानगी आहे, जोते तपासणी झालेली आहे, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं आहे, मालमत्ता कराचं बिलही येतं. नाही तो फक्त क्रमांक. त्यासाठीचा रीतसर अर्ज मी आपल्या कार्यालयात दिला आहे आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण गावठाणात वाटण्या होऊन एका घराची दोन-तीन घरं झालेली पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांनी अर्ज कसा करावा आणि कार्यालयाने तो कसा पाहावा, हे माझ्या एका उदाहरणावरून दोघांनाही कळू शकेल.

आमचं जुनं घर आजोबांनी बांधलेलं. दाराच्या चौकटीवर एक पत्र्याचा बिल्ला होता, दोन चुका मारून बसवलेला, त्यावर ६२. हा आकडा ग्रामपंचायतीच्या काळातला. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका झाली आणि आजूबाजूची गावं तिच्यात आली, पण दारावरचे जुने आकडे तसेच राहिले. त्या बिल्ल्याच्या खाली आणखी बरंच काही होतं. २०११ च्या जनगणनेत प्रगणकाने काळ्या मार्करने घातलेला एक आकडा, पोलिओच्या डोसाला येणाऱ्या मुलींनी खडूने काढलेलं ‘पी’ आणि तारीख, हिवतापाच्या फवारणीवाल्यांची खूण. लहानपणी माझी मुलगी विचारायची, बाबा, आपल्या घराचे एवढे नंबर कसे? मी सांगायचो, घराचा नंबर एकच, बाकीचे त्या त्या दिवशीच्या कामाचे. प्रगणकाचा आकडा त्याच्या गणनेच्या ओळीपुरता, पोलिओवाल्यांचा त्यांच्या त्या फेरीपुरता. पुढच्या वेळी दुसरी माणसं येतात आणि दुसरा आकडा लिहितात. बिल्ल्यावरचा ६२ मात्र चाळीस वर्षांत कोणी बदलला नाही.

वडील गेल्यावर माझ्यात आणि धाकट्या भावात नोंदणीकृत वाटणीपत्र झालं. भांडण नव्हतं, आजही नाही. रस्त्याकडचं जुनं घर त्याला आलं, मागचं परस आणि गोठ्याची जागा मला आली. परसात मी तळमजला आणि वर एक मजला असं घर बांधलं. माझं दार आळीवर उघडत नाही. जुन्या घराची भिंत आणि शेजारच्या ६३ क्रमांकाची भिंत यांच्यामधून चार फुटांचा बोळ आत येतो, आणि बोळाच्या टोकाला माझा दरवाजा आहे. ही रचना मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण क्रमांक ठरवताना तीच महत्त्वाची ठरणार आहे.

मिळकत पत्रिकेवर फेरफार झाला, दोघांची नावं वेगळी झाली. कर आकारणी वेगळी झाली. पण माझ्या बिलावर पत्ता काय आला? घर क्रमांक ६२. भावाच्या बिलावरही तोच. पूर्वीच्या नोंदीवरूनच पुढची नोंद होते, त्यामुळे असं होणं स्वाभाविक आहे. खिडकीवरचे लिपिक माझ्याशी अतिशय आदराने बोलले. म्हणाले, “काका, बिलावर तुमचा वेगळा मालमत्ता क्रमांक आहे की, तोच लावा.” त्यांचा हेतू मदतीचाच होता. पण नेमकी इथेच गफलत होते, म्हणून हा मुद्दा थोडा उलगडतो.

माझ्या घराशी जोडलेले तीन आकडे आहेत. पहिला नगर भूमापन क्रमांक. तो जमिनीचा. जमीन कोणाची, किती आणि हद्द कुठली, हे तो सांगतो. त्या जमिनीवर उद्या घर असो वा नसो, तो राहतोच. दुसरा मालमत्ता क्रमांक. तो कराच्या खात्याचा. मी वरचा मजला उद्या मुलीच्या नावे केला आणि त्याची वेगळी आकारणी झाली, तर एकाच घराला दोन मालमत्ता क्रमांक होतील. बँकेच्या खाते क्रमांकासारखंच आहे ते. तो हिशेबासाठी असतो, कोणी तो दारावर लिहीत नाही आणि रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाला तो सांगून उपयोग नाही, कारण शेजारच्या दाराचा मालमत्ता क्रमांक त्याच्या पुढचा-मागचा असेलच असं नाही. तिसरा घर क्रमांक. तो ना मालकाचा, ना जमिनीचा. तो दाराचा. आळीत शिरलेल्या अनोळखी माणसाने ६० पाहिला, ६१ पाहिला, की पुढे काय येणार हे त्याला न विचारता कळलं पाहिजे, एवढंच त्याचं काम.

पोस्टात आम्ही हे रोज हातांनी शिकत होतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्याच्या पहिल्या तीन आकड्यांवरून टपाल कुठल्या वर्गीकरण जिल्ह्यात जायचं ते ठरतं आणि शेवटच्या तीन आकड्यांवरून वाटपाचं टपाल कार्यालय. म्हणजे पिनकोड पत्राला आमच्या टेबलापर्यंत आणून सोडतो. तिथून पुढे बीट, म्हणजे एकेका पोस्टमनचा वाटपाचा भाग. सकाळी आम्ही आपापल्या बीटची पत्रं चालण्याच्या क्रमाने लावायचो, पहिली आळी, मग नाक्यावरची चाळ, मग देवळामागचा बोळ. हा क्रम घर क्रमांकावर लागतो. क्रमांक नसला की नावावर लावावा लागतो, आणि नावं पोस्टमनच्या डोक्यात असतात. तो रजेवर गेला, बदली माणूस आला, की ती पत्रं ‘पत्ता अपूर्ण’ किंवा ‘इसम आढळत नाही’ असा शेरा घेऊन परत जातात. मी स्वतः असे शेरे लिहिले आहेत. लिहिताना वाईट वाटायचं, पण पत्र हातात घेऊन एकाच क्रमांकाच्या दोन दारांपुढे उभं राहिल्यावर दुसरं करणार काय?

माझ्याच घरी काय घडलं ते सांगतो. मुलीने पासपोर्टचा अर्ज केला. पोलीस पडताळणीला हवालदार आले ते आळीतून सरळ ६२ च्या दारावर. भाऊ आणि भावजय कामावर गेलेले. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू नवे, त्यांना मागे आणखी एक घर आहे हे ठाऊक, पण त्याचाही क्रमांक ६२ आहे हे ठाऊक नव्हतं. त्यांनी खरं तेच सांगितलं, या घरात या नावाची मुलगी राहत नाही. हवालदारांनीही जे दिसलं तेच लिहिलं. मुलगी त्या वेळी तीस पावलांवर घरात अभ्यास करत बसली होती. पुन्हा पडताळणी व्हायला आणि पासपोर्ट हातात यायला अडीच महिने गेले. यात मी कोणालाच दोष देऊ शकत नाही. प्रत्येकाने आपलं काम बरोबर केलं आणि तरीही चूक झाली, कारण पत्ताच दोन ठिकाणी लागू होत होता.

मतदार यादीतही तेच. यादीत प्रत्येक मतदाराच्या नावासमोर घर क्रमांक असतो. आमच्या यादीत ६२ या क्रमांकावर अकरा नावं आहेत, माझ्या घरची चार, भावाकडची पाच आणि भाडेकरूंची दोन. यादी तपासायला आलेल्या केंद्रस्तरीय अधिकारी बाईंनी विचारलं, एका घरात अकरा मतदार? मी त्यांना बोळातून आत नेऊन घर दाखवलं. त्यांनी ते पाहिलं, पण मग म्हणाल्या, दुरुस्तीचा नमुना ८ भरता येईल, पण त्यात नवा क्रमांक कोणता लिहिणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मनाने ‘६२ अ’ लिहिलं असतं तर ते माझं झालं असतं, महानगरपालिकेचं नाही. उद्या भावाच्या भाडेकरूने मनाने तेच लिहिलं तर?

म्हणून माझी मागणी नेमकी अशी आहे. जुन्या घराचा ६२ तसाच ठेवावा आणि माझ्या घराला ६२ अ द्यावा.

यावर काही ठिकाणी वेगळी पद्धत दिसते. जुना क्रमांक रद्द करून दोन्ही घरांना ६२/१ आणि ६२/२ असे क्रमांक देतात. तसं करू नये अशी माझी विनंती आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत. ६२/१ हे लिहिणं जमिनीच्या हिश्शासारखं दिसतं. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर आपल्याकडे असेच तिरकी रेघ मारून लिहितात, त्यामुळे कागदावर घर क्रमांक आणि हिस्सा यांची सरमिसळ होते. ऑनलाइन अर्जांमध्ये तर ती तिरकी रेघ कित्येकदा घेतलीच जात नाही, मग लोक ती गाळतात आणि ६२/१ चा ६२१ होतो. दुसरं कारण भावाचं. त्याने काहीच बांधलेलं नाही, काहीच बदललेलं नाही. त्याचं आधार, बँक, गॅस, मुलांचे दाखले सगळं ६२ वर आहे. नवं दार माझं आहे, तर नवा क्रमांकही मीच घ्यावा आणि कागद बदलण्याचे हेलपाटेही मीच घालावेत. जुन्या दाराचा आकडा शक्य तोवर हलवू नये, हा नियम मी पोस्टात शिकलो. अख्ख्या आळीला नव्याने १ पासून क्रमांक द्यावेत अशीही माझी मागणी नाही. चेन्नईत क्रमांक बदलल्यावर लोक वर्षानुवर्षं ‘जुना क्रमांक’ आणि ‘नवा क्रमांक’ असे दोन्ही पत्त्यात लिहीत राहिले. एका घरासाठी साठ घरांना तो त्रास देण्याचं कारण नाही.

६२ अ कुठल्या बाजूला मोजायचा, हा प्रश्न पाहणीला येणाऱ्या निरीक्षकांना पडेल. माझ्या घराची मागची भिंत पलीकडच्या आळीला लागते. नकाशावर पाहिलं तर घर त्या आळीचं वाटेल आणि तिथला एखादा क्रमांक द्यावा असंही वाटेल. पण त्या बाजूला दार नाही, खिडकीसुद्धा फक्त न्हाणीघराची आहे. तिथला क्रमांक दिला तर माणूस भिंतीसमोर येऊन उभा राहील. दार ज्या आळीतून लागतं त्या आळीचा क्रमांक, हेच धरावं. माझं दार बोळातून आहे आणि बोळ ६२ व ६३ यांच्यामध्ये आळीला मिळतो, म्हणून ६२ नंतर आणि ६३ च्या आधी ६२ अ. आळीतून चालणाऱ्याला हा क्रम बरोबर लागेल.

पाटीबद्दलही थोडं. मला एक नव्हे, दोन पाट्या हव्या आहेत. एक माझ्या दारावर, आणि दुसरी बोळाच्या तोंडाशी, जिच्यावर ६२ अ आणि आत वळण्याचा बाण असेल. दाराची पाटी आळीतून दिसतच नाही, मग ती कितीही सुंदर असली तरी शोधणाऱ्याच्या कामाची नाही. बोळाच्या तोंडाची भिंत भावाची आहे, त्याचं संमतीपत्र अर्जाला जोडलं आहे. आकडा पाटीवर सगळ्यात मोठा असावा आणि मराठी व इंग्रजी अशा दोन्ही आकड्यांत असावा, कारण पार्सल घेऊन येणारी कित्येक मुलं बाहेरच्या राज्यांतली असतात. अक्षराचंही तसंच, ‘अ’ आणि त्याखाली इंग्रजी ‘ए’. कुठला इंग्रजी अक्षर ‘अ’ साठी धरायचा, हे दाखल्यावर एकदाच ठरवून द्यावं, नाहीतर प्रत्येक कार्यालय आपापलं लिहितं. पाटी दोन स्क्रूंवर बसवावी. एका खिळ्यावर टांगलेली पाटी पावसाळ्यात फिरते आणि इंग्रजी सहा उलटा झाला की नऊ होतो. आणि रंगाने भिंतीवर रंगवलेला आकडा नको. आमच्याकडे खाडीच्या दमट हवेने रंगाचे पोपडे निघतात, मराठी १ आणि ९ यांच्यातला फरक तेवढ्याने पुसला जातो. हे सगळं मी दारोदार पाहिलेलं आहे.

नावाची पाटी मी माझ्या खर्चाने लावीन. तिच्यावर पत्नीचं आणि माझं नाव असेल, आणि घराला आईचं नाव दिलं आहे ते असेल. पण घराचं नाव हा पत्ता नव्हे, हे मी सगळ्या नव्या घरमालकांना कळकळीने सांगेन. माझ्या शेवटच्या बीटवर पाच ‘मातोश्री’ होत्या. पाचही घरांनी ते नाव मनापासून दिलेलं होतं, आणि पाचही घरांची पत्रं एकमेकांकडे जात होती.

हल्ली कोणी म्हणतं, क्रमांक कशाला, फोनवर लोकेशन पाठवा. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे, त्यात देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन केले आहेत आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा संकेत आहे. चांगली सोय आहे, मी माझा काढून ठेवला आहे. पण खालचा मजला आणि वरचा मजला एकाच चौकोनात येतात. आणि तो संकेत दारावर लिहिलेला नसतो. फोन हातात घेऊन आलेल्यालाही शेवटच्या दहा पावलांत कुठलं दार वाजवायचं ते भिंतीकडे बघूनच ठरवावं लागतं. मतदार यादीच्या रकान्यातही घर क्रमांकच लागतो.

आता कार्यालयाची एक रास्त अडचण असते, तिच्याबद्दल मी मोकळेपणाने लिहितो. क्रमांक दिला की काही लोक तो दाखला मालकीचा पुरावा म्हणून पुढे करतात, किंवा बिगरपरवाना बांधकाम नियमित झालं असं सांगत फिरतात. त्यामुळे अधिकारी क्रमांक द्यायला कचरतात. पण कर भरल्याने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामही अधिकृत होत नाही, ही गोष्ट कराच्या बाबतीत सगळ्यांना माहीत आहे. तरी कर आकारायचं कोणी थांबवत नाही. क्रमांकाचंही तसंच करता येईल. दाखल्यावर छापावं की हा क्रमांक केवळ पत्ता ओळखण्यासाठी आहे, यावरून मालकी हक्क अथवा बांधकामाची अधिकृतता सिद्ध होत नाही. मी तसं हमीपत्र स्वतःहून जोडलेलं आहे. माझ्याकडे भोगवटा प्रमाणपत्र असल्याने मला त्याची गरज नव्हती, पण ज्यांच्याकडे ते नसेल त्यांच्या दारावरही टपाल येतं आणि त्यांच्याही घरी रात्री कोणाला दम लागला तर रुग्णवाहिकेला दार सापडावं लागतं.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात रस्त्यांना नावं आणि इमारतींना क्रमांक देण्याची तरतूद आहे, म्हणजे हे काम कुठल्या नव्या धोरणाची वाट पाहणारं नाही. आमच्या आळीला नाव देण्याची मागणी मी मुद्दाम करत नाही. नावासाठी महासभेचा ठराव लागतो, त्यात मतं निघतात आणि वेळ जातो. क्रमांकाला नावाची गरज नाही.

कामाचा क्रम मात्र विनंतीपूर्वक सुचवतो. आधी निरीक्षकांनी जागेवर येऊन आळीच्या सुरुवातीपासून दारं पाहावीत, ६२ आणि ६३ दोन्ही घरांच्या माणसांना विचारावं. मग कर विभागाच्या नोंदवहीत माझ्या मालमत्ता क्रमांकासमोर घर क्रमांक ६२ अ अशी दुरुस्ती व्हावी. मग दाखला द्यावा, ज्यावर ‘पूर्वीचा पत्ता घर क्रमांक ६२’ अशी एक ओळ असावी. ती ओळ फार मोलाची आहे. आधार, बँक, मतदार यादी, वीज, सगळीकडे जुन्या पत्त्यावरून नव्यावर जाताना तोच एक कागद दोन्हींना जोडतो. ती नसली की मी घर बदललं असा अर्थ निघतो आणि नव्या पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा मागितला जातो. पाटी सगळ्यात शेवटी. नोंदवहीत नसलेला आकडा पाटीवर आला तर तो जनगणनेच्या मार्करसारखाच, पुढच्या रंगकामापर्यंत टिकणारा.

अर्जाला वाटणीपत्राची नक्कल, फेरफार झालेली मिळकत पत्रिका, भोगवटा प्रमाणपत्र, दोन्ही घरांची चालू वर्षाची कराची बिलं, भावाचं संमतीपत्र, हमीपत्र आणि हाताने काढलेला आळीचा नकाशा जोडला आहे. नकाशात ६० ते ६५ ही घरं, त्यांची दारं कुठल्या बाजूला आहेत ते आणि बोळाची रुंदी दाखवली आहे. काही कारणाने ६२ अ देता येत नसेल तर ते कारण लेखी कळवावं आणि कुठला क्रमांक देता येईल तेही कळवावं. दुसरा कुठलाही एकमेव क्रमांक मला चालेल. ‘एकमेव’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

पाहणीला येणाऱ्या निरीक्षकांसाठी घराची खूण देतो. कापूरबावडीहून बाळकुमकडे यावं, गावात शिरल्यावर गावदेवीच्या देवळाकडून डाव्या हाताची आळी धरावी. पिंपळाचा पार सोडून पुढे निळ्या दाराचं कौलारू घर लागेल, त्यावर ६२ चा पत्र्याचा बिल्ला आहे. ते माझं घर नव्हे. त्याच्या आणि शेजारच्या घराच्या मधल्या बोळातून आत यावं. मी दुपारी चारनंतर रोज घरी असतो. फोन केलात तर पारापाशी येऊन उभा राहीन.

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमन,
बाळकुम परिसर, ठाणे